दोषाची मागणी : एका व्हिएतनामी क्षमापत्राविषयी

पत्रलेखन हा विषय आपल्याकडे शाळेत सुरू होतो आणि शाळेतच संपतो. एम.ए.च्या वर्गात आम्ही गालिबची पत्रे वाचतो, पेशवेकालीन बखरींबरोबर त्या काळचे पत्रव्यवहारही चाळतो. पण 'माल पोचण्यास विलंब झाल्याबद्दल' असा विषय असलेले पत्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने दोन महिने उशाशी बाळगावे, हे आमच्या सहकाऱ्यांना अजूनही थोडे गमतीचे वाटते. आम्ही दोघे भाषाविज्ञान शिकवतो. या पत्रापाशी आम्ही भाषाविज्ञानासाठीच गेलो. तिथे थांबलो मात्र वेगळ्याच कारणासाठी.

आमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात नोकरी करते. तिच्या कंपनीचा व्हिएतनामशी व्यवहार आहे, आणि तिने जिद्दीने ती भाषा शिकायला घेतली आहे. हनोईतील एक शिक्षिका तिला शिकवतात. त्यांनी सरावासाठी एक प्रसंग दिला. डाक लाक प्रांतातील बुओन मा थुओत या गावचा एक कॉफीविक्रेता हायफोंगच्या एका कॅफेमालकिणीला 300 किलो भाजलेली कॉफी पाठवतो. माल 9 सप्टेंबर 2024 रोजी पोचायचा आहे. 7 सप्टेंबरला यागी वादळ क्वांग निन्ह आणि हायफोंगच्या किनाऱ्यावर आदळते. हा भाग काल्पनिक नव्हे; त्या वादळाने उत्तर व्हिएतनामची जी दैना केली ती सर्वश्रुत आहे, आणि 9 तारखेला तर फू थो प्रांतातील फोंग चाऊ पूल भर पुरात कोसळला. मालमोटार थान्ह होआ येथे थांबते. विक्रेत्याला ते 8 तारखेला कळते. ग्राहकाला तो 11 तारखेपर्यंत काहीच कळवत नाही. दरम्यान ग्राहकाचा मेल येतो : माल कुठे आहे, आणि करारात उशिरासाठी ठरलेला दंड केव्हा देणार? या मेलला उत्तर लिहायचे. शिक्षिकेची अट एकच होती. पत्र वाचून ग्राहक दुखावता कामा नये, आणि जे द्यायचे नाही ते देऊन बसता कामा नये.

विद्यार्थिनीचा पहिला खर्डा व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता. शब्दशः मराठीत आणला तर तो असा होतो : 'मान्यवर ग्राहकास सादर. वादळ क्रमांक 3 मुळे मालाच्या खेपेला उशीर सोसावा लागला, याचा आम्हाला अत्यंत खेद आहे. खेप शक्य तितक्या लवकर पोचवण्याचे योजिले आहे. मान्यवर ग्राहकाने समजून घ्यावे अशी आशा आहे.' (व्हिएतनाममध्ये वादळांना नावापेक्षा वर्षातील क्रमांकाने ओळखतात, यागी हे तिथल्या लोकांसाठी त्या वर्षीचे 'वादळ क्रमांक 3'.) शिक्षिकेने खर्डा परत पाठवला. शेरा होता : 'हे पत्र बँकेने लिहिल्यासारखे आहे. यात कोणीच कोणाशी बोलत नाही.'

इथे व्हिएतनामी भाषेविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. या भाषेत 'मी' आणि 'तू' यांच्यासाठी सर्वांना, सर्वत्र चालेल अशी सर्वनामांची जोडी जवळजवळ नाही. माणसे एकमेकांना नात्याने संबोधतात आणि स्वतःलाही नात्यानेच म्हणतात. मोठी बहीण 'ची', मोठा भाऊ 'आन्ह', धाकटे भावंड 'एम'. दुकानदारीण गिऱ्हाइकाला 'ची' म्हणते तेव्हा ती स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'एम' म्हणते, म्हणजे 'ही धाकटी'. आपल्याकडेही मंडईत 'ताई', 'दादा', 'वहिनी' चालतेच. पण आपला भाजीवाला समोरच्या बाईला ताई करतो आणि स्वतः 'मी'च राहतो. नात्याचे एकच टोक तो बांधतो. व्हिएतनामीत दोन्ही टोके बांधावी लागतात. तुम्हाला ताई म्हणायचे तर मला धाकटे व्हावेच लागते, वय काहीही असो.

'तोइ' हा तटस्थ 'मी' भाषेत आहे. भाषणात, निबंधात, अनोळखी माणसासमोर तो चालतो. पण ज्याच्याशी 'एम' म्हणून बोलणे चालू आहे त्याच्याशी बोलताना कोणी मधेच 'तोइ'वर आले, तर ऐकणाऱ्याला कळते की भांडण सुरू झाले. नवराबायकोच्या कुरबुरीतही पहिली ठिणगी पुष्कळदा या सर्वनामातूनच उडते. पहिल्या खर्ड्यात विद्यार्थिनीने 'तोइ'चे अनेकवचन 'चुंग तोइ' वापरले होते, आणि ग्राहकासाठी 'क्वी खाक', म्हणजे 'मान्यवर पाहुणा', हा जाहिरातीतला शब्द. दोन्ही शब्द सभ्य आहेत. पण वर्षभर जिच्याशी फोनवर 'ताई, धाकटी' असे बोलणे झाले तिला अडचणीच्या वेळी 'मान्यवर ग्राहक' म्हणणे म्हणजे दार लावून आतून बोलणे. शिक्षिकेने 'क्वी खाक' खोडून 'ची' केले आणि 'चुंग तोइ'च्या जागी 'बेन एम' लिहिले. 'बेन' म्हणजे बाजू. 'बेन एम' म्हणजे 'आम्हा धाकट्यांची बाजू', म्हणजेच आमची कंपनी. एका शब्दात कंपनीही आली आणि नातेही.

या दुरुस्तीवर आमच्या दोघांत वाद झाला. आमच्यातील एकाला हे लाचारीचे वाटले. ग्राहक वयाने लहान असला तरी त्याच्यापुढे धाकटे व्हायचे, आणि वर क्षमाही मागायची, मग ठामपणा उरतो कुठे? विद्यार्थिनीचीही अडचण हीच होती. ती अडतीस वर्षांची. पंचविशीतल्या खरेदी-अधिकाऱ्याला 'आन्ह' आणि स्वतःला 'एम' लिहिताना तिचा हात अडतो. शिक्षिकेचे उत्तर आमच्या लक्षात राहिले आहे. त्या म्हणाल्या, सर्वनामात कणखरपणा शोधू नका, तिथे तो सापडणार नाही. तो क्रियापदात आणि तारखेत ठेवा.

आता क्रियापदाकडे. व्हिएतनामीत 'बी' नावाचा एक छोटा शब्द आहे. मूळ अर्थ 'सोसणे'. क्रियापदाआधी तो लावला की घडलेली गोष्ट कर्त्यावर येऊन कोसळलेली, अनिष्ट अशी दिसते. याच्या जोडीला 'दुओक' आहे, 'लाभणे' या अर्थाचा. इष्ट गोष्टीसाठी तो येतो. बढती 'लाभते', दंड 'सोसावा' लागतो. कर्मणि प्रयोगात माणसाची बाजू अशी उघड सांगायला लावणारी भाषा विरळाच. 'लो हांग बी चाम', म्हणजे 'खेपेने उशीर सोसला', या वाक्यात उशीर कोणी केला ते सांगावेच लागत नाही. बिचारी खेपच पीडित ठरते. मराठीत 'उशीर झाला' म्हणताना आपण हेच करतो. रेल्वेस्थानकावरच्या घोषणेतील 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल' हा शब्दप्रयोग आठवावा : गैरसोय आपली आपणच होत असते.

शिक्षिकेने हे वाक्य पूर्ण खोडले नाही, आणि आम्हाला इथेच या दुरुस्तीचे खरे मोल कळले. वादळामुळे मोटार थांबली त्या वाक्यात त्यांनी 'बी' तसाच ठेवला. ते खरेच होते. मोटारीने वादळ सोसले होते. पण पुढे त्यांनी एक नवे वाक्य घातले. त्याचा सांगाडा 'दे ची फाइ चऽ' असा आहे. 'चऽ' म्हणजे वाट पाहणे. 'फाइ' म्हणजे लागणे, करावे लागणे. 'दे' म्हणजे राहू देणे, होऊ देणे. एकत्र अर्थ : 'ताईंना वाट पाहावी लागू दिली.' मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारी रचना 'वाट पाहायला लावली' ही आहे, आणि आपल्या 'लावणे'तही कर्ता सुटत नाही. वाट पाहायला कोणी लावली? आम्ही. मोटार वादळाने थांबवली, परंतु तीन दिवस गप्प आम्ही बसलो. एकाच पत्रात दोन उशीर आहेत, आणि दोन वेगळ्या क्रियापदांनी ते वेगळे केले आहेत.

क्षमेचा शब्द कुठे ठेवायचा हे यावरूनच ठरले. पहिल्या खर्ड्यातील 'रात तिएक' म्हणजे अतिशय खेद. खेद कशाचाही वाटू शकतो, पावसाचासुद्धा. त्यात दोष कबूल होत नाही. आपल्या 'दिलगीर आहोत'ची जात तीच. क्षमेसाठीचा शब्द 'सिन लोइ'. 'सिन' म्हणजे मागणे, 'लोइ' म्हणजे दोष, चूक. आपण माफी मागतो. तिथे मागण्याच्या क्रियापदाला थेट दोषच जोडलेला असतो. गंमत अशी की 'लोइ' हाच शब्द तिथल्या कायद्यातही आहे. व्हिएतनामच्या 2005 च्या व्यापार कायद्यातील 294 वे कलम करारभंगाच्या जबाबदारीतून सूट केव्हा मिळते ते सांगते. त्यात एक कारण 'बात खा खांग', म्हणजे आवाक्याबाहेरची आपत्ती, हे आहे. आणि दुसरे, करारभंग सर्वस्वी दुसऱ्या पक्षाच्या 'लोइ'मुळे झाला असल्यास. म्हणजे सौजन्याचा आणि न्यायालयाचा शब्द एकच. वादळाबद्दल 'सिन लोइ' म्हणून टाकले तर जी गोष्ट आपला दोष नव्हती तिला आपणच दोष म्हटल्यासारखे होते, आणि दंड मागणाऱ्या ग्राहकाच्या हातात आपलेच वाक्य पडते.

त्याच कायद्याचे 295 वे कलम या प्रसंगाचा कणा आहे. ज्याला सूट हवी त्याने आपत्तीविषयी आणि तिच्या संभाव्य परिणामांविषयी दुसऱ्या पक्षाला ताबडतोब लेखी कळवले पाहिजे, आणि सूट लागू होते हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच आहे. म्हणजे हे पत्र नुसती रीत नव्हे. सूट मागणाऱ्याचे ते कर्तव्य आहे, आणि ते तीन दिवस उशिराने लिहिले जात आहे. आमच्या विक्रेत्याची बाजू वादळापाशी भक्कम आहे, मौनापाशी कच्ची आहे. चांगले क्षमापत्र ही सीमारेषा लपवत नाही. ते ती स्वतःच आखून देते.

दुरुस्त झालेले पत्र, मूळ व्हिएतनामीवरून आम्ही मराठीत केले ते असे :

'ताईंस सादर,

वादळ क्रमांक 3 मध्ये ताई, घरची मंडळी आणि दुकानातील सर्व जण सुखरूप असतील अशी आशा करतो. दुकानाचे छप्पर आणि वीज ठीक आहे ना?

300 किलो कॉफीची खेप ठरल्याप्रमाणे 9 सप्टेंबरला पोचली नाही. वादळामुळे मोटारीला 7 तारखेपासून थान्ह होआ येथे अडकून पडावे लागले आहे. वाहतूकदाराचे पत्र सोबत जोडले आहे. आम्हा धाकट्यांना हे 8 तारखेला कळले होते. ताईंना मात्र आज, 11 तारखेला कळवत आहोत. तीन दिवस काहीही न कळवता ताईंना वाट पाहायला लावली, या दोषाची आम्ही मनापासून क्षमा मागतो.

खेप सोमवार, 16 सप्टेंबर रोजी सायंकाळी 5 च्या आत ताईंच्या दुकानी पोचवू. शनिवारी, 14 तारखेला मोटार कुठे आहे ते फोन करून सांगू. सोमवारी माल पोचला नाही, तर ताईंनी मागणी रद्द करावी. आगाऊ रक्कम पूर्ण परत करू.

दंडाविषयी : वादळामुळे झालेल्या उशिराला करारातील दंड लागू होत नाही, म्हणून ती रक्कम आम्हाला देता येणार नाही आ. न कळवलेले तीन दिवस मात्र आमच्या बाजूचे आहेत. म्हणून या खेपेचे वाहतूक भाडे आमच्याकडे.

सस्नेह आदर.'

यातील तीन ठिकाणी वाचकांनी थोडे थांबावे अशी विनंती आहे.

पहिले, विचारपूस. विद्यार्थिनीने ती पत्राच्या शेवटी टाकली होती. शिक्षिकेने वर आणली. हायफोंगवर वादळ खरोखर आदळले होते. ज्या वादळाचे कारण आपण सांगणार ते ग्राहकाच्या घरावरूनही गेले आहे. शेवटी विचारपूस केली तर ती नकारानंतरची मलमपट्टी ठरते, आणि आधी केली तर वादळ दोघांचेही होते. 'सर्व कुशल असावे' इतके मोघमही ते ठेवले नाही. छप्पर आणि वीज यांची नावे घेतली. मोघम माया पत्रात जागा अडवते, नेमकी विचारपूस उत्तर मागते.

दुसरे, तारीख. पहिल्या खर्ड्यात 'झू किएन', म्हणजे 'योजिले आहे', आणि 'शक्य तितक्या लवकर' होते. वाचायला हे नम्र वाटते, परंतु ग्राहकाला यातून काहीच धरता येत नाही. कॅफे चालवणाऱ्या बाईला सोमवारपर्यंत दुसरीकडून किती कॉफी उचलावी हे ठरवायचे असते. शिक्षिकेने 'योजिले आहे' काढून साधा भविष्यकाळ घातला, वार आणि तारीख दोन्ही लिहायला लावले, आणि शब्द न पाळला गेल्यास काय याचेही वाक्य जोडले. वार एकट्याने लिहू नये यामागे त्यांनी एक व्यावहारिक कारणही दिले. व्हिएतनामीत सोमवारचे नाव 'दुसरा' या अर्थाचे आहे, मंगळवारचे 'तिसरा'. परदेशी माणूस हटकून एका दिवसाने चुकतो. विद्यार्थिनी 'काम केत', म्हणजे 'हमी देतो', हा भारदस्त शब्दही घालू पाहत होती. तो त्यांनी नको म्हटले. हमी शब्दात असली की ती वाक्यात उरत नाही, असे काहीसे त्या म्हणाल्या. ज्याने आधीच तीन दिवस मौन पाळले आहे त्याच्या हमीला 14 तारखेचा फोन अधिक वजन देतो.

तिसरे, नकाराच्या वाक्याअखेरचा तो 'आ'. अनुवादात तो आम्ही तसाच ठेवला आहे, कारण त्याला मराठीत प्रतिशब्द नाही. वाक्याच्या शेवटी येणारा, वडीलधाऱ्यांशी बोलताना वापरायचा हा एक अक्षरी शब्द आहे. त्याला स्वतंत्र अर्थ नाही, तो फक्त आदर दाखवतो. औपचारिक पत्रात तो सहसा येत नाही. ओळखीच्या ग्राहकाच्या मेलमध्ये येतो. संपूर्ण पत्रात शिक्षिकेने तो एकदाच ठेवला, आणि तोही नकारावर. नकारात 'कदाचित', 'शक्यतो', 'प्रयत्न करू' असे काहीही घालायचे नाही. 'देता येणार नाही' हे तसेच राहू द्यायचे, आणि मग आदराचा हा एक स्वर जोडायचा. 'आ'ने नकार सैल होत नाही. नकार देणारा अजूनही धाकटाच आहे, 'तोइ' झालेला नाही, एवढेच त्याने कळते. याच जागी 'न्ये' हा दुसरा लाघवी शब्द टाकला असता तर, त्या म्हणाल्या, ग्राहकाला वाटले असते की याला आपला नकार खेळीमेळीचा वाटतो.

काय वगळले तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या खर्ड्यातील 'थोंग काम'ची आशा निघून गेली. हा संस्कृतोद्भव शब्दांसारखा चिनी घराण्यातून आलेला शब्द : 'थोंग' म्हणजे आरपार पोचणे, 'काम' म्हणजे भावना. शब्दशः 'माझी भावना तुमच्यापर्यंत पोचो'. आपल्या 'सहानुभूती'चा सख्खा शेजारी. इतका सुंदर शब्द का काढावा? कारण पुष्कळ व्हिएतनामी व्यापारी पत्रे याच शब्दाने संपतात, आणि शिवाय तो ग्राहकावर काम टाकतो. चूक आमची, आणि समजून घेण्याचे कष्ट ताईंचे. भाडे आम्ही सोसतो हे सांगून झाल्यावर समजूतदारपणाची मागणी अनावश्यक ठरते.

व्हिएतनामी लोकांत एक म्हण आहे, तिचा आशय असा : शंभर 'ली' एका चिमूटभर 'तिन्ह'ची बरोबरी करू शकत नाहीत. 'ली' म्हणजे युक्तिवाद, न्याय्य कारण. 'तिन्ह' म्हणजे जिव्हाळा. म्हण ऐकताना वाटते की जिव्हाळ्यापुढे न्यायाने माघार घ्यावी. पण कौतुकाचा त्यांचा दुसरा शब्दप्रयोग 'तिन्हही आहे, लीही आहे' असा आहे. वरच्या पत्रात दोन्ही एकमेकांच्या जागेवर अतिक्रमण न करता नांदतात. कोणी कोणाचे कोण, हे नाते सांगते. कोणाकडे किती येणे, हे क्रियापद सांगते. आमच्यातील ज्याला हे पत्र लाचार वाटले होते त्याचे मत पूर्ण बदललेले नाही. त्याचे म्हणणे असे की दंड नाकारतानाही धाकटेच राहावे लागते ही भाषेने घातलेली अट आहे, आणि ती अट विकणाऱ्यालाच अधिक जाचते. हा आक्षेप आम्ही खोडून काढू शकलेलो नाही.

मराठी करताना आम्ही शेवटपर्यंत अडलो ते 'बेन एम'पाशी. 'आम्ही धाकटे' हे दरवेळी लिहिले तर पत्र हास्यास्पद होते. नुसते 'आम्ही' लिहिले तर नाते गळते. त्या मानाने एक जागा अनपेक्षितपणे सोपी गेली. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे : ऐकणाऱ्याला वगळणारे आणि त्याला सामावून घेणारे. व्हिएतनामीतही 'चुंग तोइ' आणि 'चुंग ता' असा नेमका तोच भेद आहे. इतकेच नव्हे, तर 'मिन्ह' हा शब्द तिथे मुळात शरीर, पुढे स्वतः, मग 'आपण सगळे', आणि दुकानात ग्राहकाला उद्देशून 'आपण' अशा सर्व अर्थांनी फिरतो. आपला 'आपण'ही 'आपले आपण', 'आपण सगळे' आणि आदरार्थी 'आपण' असा अगदी याच घरांतून फिरून आलेला आहे. दोन भाषा एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, आणि 'स्वतः'पासून 'तुम्ही'पर्यंतची वाट दोघींनी एकाच पायवाटेने काढली.

विद्यार्थिनी आता कंपनीची पत्रे स्वतः लिहिते. मागच्या आठवड्यात तिने एक खर्डा आम्हाला दाखवला. त्यात पंचविशीतल्या त्या अधिकाऱ्याला तिने 'आन्ह' म्हटले होते, स्वतःला 'एम', आणि दरात सवलत मागणाऱ्या त्याच्या परिच्छेदाला तिचे उत्तर सहा शब्दांचे होते. सहावा शब्द 'आ' होता.